मोर, दोन 'गरुड' आणि एक लाल हात: जुन्या घराणेचिन्हाचा फोटो कसा वाचायचा

हेडफोन लावलेत का? आजच्या भागात बराच वेळ एकाच फोटोवर घालवणार आहोत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा मजकूर इथे नेहमीप्रमाणे उतरवून ठेवलाय. बोलताना जिथे मी भरकटलो तिथे थोडी कात्री लावली आहे, बाकी जसं बोललो तसं.

झालं असं. माझा एक मित्र आहे, आडनाव मोरे. गिरगावात त्यांची चाळीतली जुनी खोली होती, ती इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. सामान आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक पुठ्ठा सापडला. त्यावर चिकटवलेलं काळ्या शाईतलं छापील चित्र. मधे ढाल, ढालीत डोंगर आणि सूर्य, वर दोन पाखरं, ढालीच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि त्याच्याही वर एक मोर. खाली फडफडणारी रिबन, पण ती ओलीने कुजलेली. रिबनवर सुरुवातीची पाचच इंग्रजी अक्षरं शिल्लक: इंडस.

मित्राच्या आत्याने निकाल लगेच लावून टाकला. "मोर म्हणजे मोरे. इंडस म्हणजे सिंधू, म्हणजे आपण मुळात सिंधूकडचे. वर दोन गरुड. आणि मधे आशीर्वादाचा हात. आजोबांना साहेबाने दिलेली घराण्याची निशाणी आहे ही!" आत्यांचे आजोबा, म्हणजे माझ्या मित्राचे पणजोबा, एका छापखान्यात बुकबाइंडिंगला होते. साहेब त्यांच्यावर खूश होता, ही गोष्ट घरात तीन पिढ्या सांगितली जात होती. आता त्या गोष्टीला पुरावा मिळाला होता.

नवीन फ्लॅटच्या दारावर हीच निशाणी पितळेत कोरून लावायची, असं आत्यांनी ठरवलं. नेमप्लेटवाल्याला ॲडव्हान्ससुद्धा दिला. फक्त त्याला रंग हवे होते, मीना भरायचा होता ना. म्हणून मित्राने मला फोटो पाठवला: "अरे, तुला यातलं कळतं. रंग कुठले असतील सांग फक्त."

मी म्हटलं, सांगतो. आणि पहिलंच उत्तर चुकीचं दिलं.

ते कसं चुकलं ते सांगतो, कारण तीच चूक तुमच्याकडूनही होऊ शकते.

काळ्या शाईत रंग कुठे असतात?

चित्र काळं-पांढरं असलं तरी युरोपातल्या घराणेचिन्हांमध्ये रंग बहुतेक वेळा लिहिलेलाच असतो. अक्षरांत नाही, रेघांत. सतराव्या शतकात कोरीव छपाई सर्रास झाली आणि प्रश्न आला की एकाच शाईत लाल आणि निळा वेगळा दाखवायचा कसा. बऱ्याच लोकांनी बऱ्याच पद्धती काढल्या. त्यातली टिकली ती सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट पंडिताने 1638 च्या पुस्तकात वापरलेली. आज आपण तीच वाचतो.

पद्धत सोपी आहे. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या रेघा म्हणजे निळा. उभ्या-आडव्या दोन्ही मिळून जाळी झाली की काळा. तिरप्या रेघा, आपल्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या, म्हणजे हिरवा. त्याच्या उलट दिशेच्या तिरप्या म्हणजे जांभळा. ठिपके म्हणजे सोनेरी. आणि काहीच नसेल, कोरा कागद, तर रुपेरी.

आत्यांना ढाल सोनेरी वाटली होती. साहजिक आहे, कागद पिवळा पडला होता. पण कागदाचा पिवळेपणा हा कागदाच्या वयाचा रंग आहे, ढालीचा नाही. फोटोत दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवायचाच नाही, रेघा शोधायच्या. म्हणून मी मित्राला म्हटलं, मला ढालीच्या रिकाम्या भागाचा अगदी जवळून फोटो पाठव. आणि मोर ज्या टेकाडावर उभा आहे त्या टेकाडाचाही.

दोन क्लोजअप आले. ढालीच्या फोटोत स्वच्छ उभ्या रेघा. मी लिहिलं: "ढाल लाल." टेकाडाच्या फोटोत तिरप्या रेघा, डावीकडून खालून वर उजवीकडे जाणाऱ्या. म्हणजे जांभळं टेकाड. मी तसंही लिहून पाठवलं.

रात्री झोपायला गेलो आणि ते जांभळं टेकाड डोक्यातून जाईना. घराणेचिन्हांत जांभळा रंग फार क्वचित येतो. आणि मोराच्या पायाखालची टेकडी जांभळी कशासाठी असेल? गवताची टेकडी हिरवी असायला हवी. हिरव्याच्या रेघा आणि जांभळ्याच्या रेघा यात फरक फक्त दिशेचा. मग ट्यूब पेटली.

आपण टेबलावर कागद ठेवून फोन त्याच्यावर आडवा, तोंड खाली करून धरतो. त्या वेळी चित्राची वरची बाजू कुठली हे फोनला नीट कळत नाही. तो अंदाज करतो, आणि फोटो कधी कधी नव्वद अंशांनी फिरवून साठवतो. पूर्ण चित्राचा फोटो असा फिरला तर आपल्या लगेच लक्षात येतं, मोर आडवा झोपलेला दिसतो. पण नुसत्या रेघांच्या क्लोजअपला डोकं-पाय काहीच नसतात. तो नव्वद अंशांत फिरला की आडव्या रेघा उभ्या होतात, म्हणजे निळ्याचा लाल होतो. आणि एका तिरप्या दिशेची दुसरी होते, म्हणजे हिरव्याचा जांभळा. माझ्या दोन्ही चुका एकाच कारणाने झाल्या होत्या.

सकाळी मित्राला फोन केला. "नेमप्लेटवाल्याला सांगितलंस का रंग?"

"आत्ताच सांगणार होतो."

"थांब. परत फोटो काढ."

फोटो काढायची रीत

यावेळी मी त्याला नीट सांगितलं. पुठ्ठा खिडकीजवळ ठेव, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. फोन कागदाला समांतर धर, म्हणजे ढाल एका बाजूला ताणलेली दिसणार नाही. क्लोजअप घेताना ढालीची एक कड आणि शक्य असेल तर खालचं टोक फ्रेममध्ये येऊ दे, म्हणजे वर कुठे आणि खाली कुठे हे फोटोतच नोंदलं जाईल. आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा पाठवला की तो आकसतो, आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळून राखाडी धुकं होतं. कधी कधी तर त्या धुक्यात नसलेले पट्टेसुद्धा उमटतात.

नवीन फोटो आले. ढालीची कड दिसत होती, टोक खाली होतं. रेघा आडव्या. ढाल निळी. टेकाडावरच्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे. टेकाड हिरवं. सगळं जागेवर आलं.

इथे आणखी एक फसगत होते ती सांगतो. कोरणारा कारागीर सावलीसाठीही रेघा मारतो. मग रंगाची रेघ कुठली आणि सावलीची कुठली? रंगाच्या रेघा सारख्या अंतरावर असतात आणि त्या भागाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता जातात. सावलीच्या रेघा एका बाजूला दाट होतात, वळतात, मधेच विरतात. या चित्रात डोंगरांवर रेघा होत्या, पण त्या उताराबरोबर वळत होत्या आणि एकाच बाजूला दाटल्या होत्या. म्हणजे ती सावली. सूर्यावर आणि त्या दोन पाखरांवर रंगाची एकही रेघ नव्हती.

मग सूर्य रुपेरी का? नाही. घराणेचिन्हांच्या भाषेत 'स्वतःच्या रंगाचा' असा एक प्रकार असतो. म्हणजे ती वस्तू निसर्गात जशी दिसते तशी रंगवायची. अशा गोष्टींवर छापील चित्रात बहुधा रेघा मारत नाहीत. त्यामुळे ढालीचं मैदानच कोरं असेल तर रुपेरी समजायला हरकत नाही, पण एखादा प्राणी, झाड, डोंगर कोरा असेल तर तो रुपेरीही असू शकतो किंवा स्वतःच्या रंगाचाही. नुसत्या चित्रावरून ते ठरत नाही. लिखित वर्णन सापडेपर्यंत थांबावं लागतं.

आता प्राणी

रंगांनंतर मी आत्यांच्या 'गरुडां'कडे आलो. सूर्याच्या वर, ढालीच्या वरच्या भागात, एक डावीकडे एक उजवीकडे, पंख पसरलेले दोन जीव. पहिल्या फोटोत ते खरंच पक्षी वाटत होते. नवीन फोटो झूम केला आणि मोजायला लागलो.

प्राणी ओळखताना आधी नाव सुचू द्यायचं नाही, आधी अवयव मोजायचे. चोच आहे का? नाही. पिसांची शेपटी? नाही. पंख किती? चार, दोन मोठे आणि त्यांच्या मागे दोन छोटे. पाय? सहा. आणि पोटावर आडवे पट्टे. गरुड नव्हते ते. उडणाऱ्या मधमाश्या होत्या.

मित्राला सांगितलं तर तो हसला, पण आत्या रुसल्या. "माशी? घराण्याच्या निशाणीवर माशी कोण लावतं?" मी म्हटलं, "आत्या, माशी नाही, मधमाशी. आणि पुष्कळ जण लावतात."

मोराबद्दल मात्र आत्यांचा तर्क हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. नावावर कोटी करणं हा घराणेचिन्हांतला अगदी जुना, प्रतिष्ठित प्रकार आहे. स्पेनमधल्या कास्तील राज्याची खूण किल्ला, कारण नावातच किल्ला. लेओनची खूण सिंह, कारण लेओन म्हणजे सिंह असं ऐकू येतं. इंग्लंडच्या राजमातेचं माहेर बोज-लायन, त्यांच्या ढालीवर धनुष्यं आणि सिंह. तेव्हा मोऱ्यांच्या ढालीवर मोर, हे अगदी या पद्धतीला धरून आहे. फक्त अडचण अशी की तर्क शक्य असणं आणि खरा असणं यात अंतर असतं. मोर नीट पाहिला तर तो नुसता उभा नव्हता. त्याच्या भोवती गव्हाचं पीक होतं आणि चोचीत गव्हाची एक ओंबी होती. आडनावासाठी मोर पुरेसा होता. मग गहू कशाला?

आणि मोर होता कुठे? ढालीत नाही. ढालीच्या वर, शिरस्त्राणावर. इंग्रजीत ज्याला क्रेस्ट म्हणतात तो खरं तर फक्त एवढाच भाग, शिरस्त्राणावरचा तुरा. आपण सगळ्या चित्रालाच क्रेस्ट म्हणतो, तो बोलण्यातला ढिलेपणा आहे. चिन्हाचं मुख्य अंग म्हणजे ढाल. तुऱ्यावरून घराणं शोधायला गेलात तर भरकटाल, कारण एकसारखे तुरे अनेक घराण्यांत सापडतात. आधी ढाल वाचायची, मग तुऱ्याने खातरजमा करायची.

शिरस्त्राण आणि लाल हात

आतापर्यंत आपल्याकडे काय आहे? निळी ढाल, तळाशी डोंगर, त्यांच्यावर उगवता सूर्य, वर दोन मधमाश्या. यावरून थेट घराणं शोधायचं तर हजारो पानं उलटावी लागतील. पण चित्रात दोन गोष्टी अशा होत्या ज्यांनी शोध एकदम लहान केला. त्या दोन्हींकडे कुणीच नीट पाहिलं नव्हतं.

पहिली, शिरस्त्राण. इंग्लंडच्या पद्धतीत शिरस्त्राणाचा प्रकार मालकाचा दर्जा सांगतो. साध्या सद्‌गृहस्थाचं शिरस्त्राण बंद असतं आणि बाजूला तोंड करून असतं. लॉर्ड मंडळींचं सोनेरी सळ्यांचं. आणि समोर तोंड केलेलं, चेहऱ्यावरची झडप वर उचललेलं असेल तर तो माणूस नाइट किंवा बॅरोनेट, म्हणजे 'सर'. आपल्या चित्रातली झडप उघडी होती, तोंड समोर. लक्षात ठेवा, हा नियम ब्रिटिश चिन्हांपुरता. पोर्तुगीज किंवा जर्मन चिन्हाला तो लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, आत्यांचा 'आशीर्वादाचा हात'. दोन मधमाश्यांच्या मधे एक अगदी छोटी कोरी ढाल होती आणि तिच्यात मनगटापाशी कापलेला, बोटं वर केलेला पंजा. पंजावर उभ्या रेघा. म्हणजे रुपेरीवर लाल हात. हा हात कुणा एका घराण्याचा नाही, तो एका किताबाचा बिल्ला आहे. 1611 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब सुरू केला. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवायला पैसा हवा होता, तो किताब घेणाऱ्यांकडून उभा करायचा होता. अल्स्टरची खूण लाल हात. म्हणून बॅरोनेटला आपल्या ढालीवर तो लाल हात लावायचा मान मिळाला.

हा हात डावा असतो. आपला डावा तळवा डोळ्यांसमोर धरा, अंगठा तुमच्या डावीकडे येतो. चित्रातही अंगठा डावीकडेच होता. याचा एक फायदा असा की फोटो आरशासारखा उलटा झाला नाहीये हेही इथेच कळलं. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेले किंवा लाखेच्या मोहरेच्या ठशाचे फोटो असे उलटे असू शकतात, आणि मग हिरवा-जांभळा परत गोंधळ.

तर आता आपला मालक बॅरोनेट आहे. म्हणजे हा मान एका पिढीपुरता नाही, बापाकडून मुलाकडे जाणारा. आणि ढालीवरचे डोंगर? ते इंग्लंडमधल्या गोल टेकड्यांसारखे नव्हते. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे कडे होते. तुम्ही पुण्याहून मुंबईला ट्रेनने आला असाल तर खिडकीतून रोज दिसणारे. मी मित्राला एकच प्रश्न विचारला: "मुंबईत बॅरोनेट घराणी किती होती?"

फार नाहीत. जीजीभॉय, पेटिट, कावसजी जहांगीर, करीमभाई इब्राहिम, ससून, अशी बोटांवर मोजण्यासारखी. यादी हजारोंवरून पाच-सहांवर आली. आता बॅरोनेटांच्या जुन्या इंग्रजी यादीपुस्तकांत त्या पाच-सहांची वर्णनं काढून बघायची. ही पुस्तकं स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत, फोनवर उघडतात.

वर्णन जुळवणं

पहिल्याच नावावर मी थांबलो. वर्णन साधारण असं: निळी ढाल, तळाशी मुंबईजवळच्या घाटाचे डोंगर, त्यांच्यावर उगवता सूर्य, वरच्या भागात उडणाऱ्या दोन मधमाश्या, सगळं स्वतःच्या रंगात. तुरा: हिरव्या टेकाडावर गव्हात उभा मोर, चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीद: 'इंडस्ट्री अँड लिबरॅलिटी', म्हणजे उद्योग आणि औदार्य.

रिबनवरचं 'इंडस' हे सिंधू नव्हतं. ते 'इंडस्ट्री'चा अर्धा तुकडा होतं. बाकीची अक्षरं ओलीने खाल्ली होती.

हे सर जमशेटजी जीजीभॉय यांचं घराणेचिन्ह. जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टवाले जे. जे. जन्म 1783. चीनबरोबर कापूस आणि अफूचा व्यापार करून त्यांनी प्रचंड पैसा मिळवला आणि त्यातला मोठा भाग मुंबईत वाटला. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून झाला. 1842 मध्ये ते नाइट झाले, 1857 मध्ये बॅरोनेट. दोन्ही किताब मिळवणारे पहिले भारतीय.

आता लाल हाताची किंमत बघा. नाइट आणि बॅरोनेट, दोघांचंही शिरस्त्राण सारखंच. पण लाल हात फक्त बॅरोनेटला. म्हणजे हे चित्र 1857 च्या आधीचं असू शकत नाही. नुसत्या एका पंजाने चित्राला तारीख दिली. तारीख म्हणजे 'याच्या आधी नाही' एवढीच. नंतर किती वर्षांनी छापलं ते कागद आणि पुस्तक सांगेल, चिन्ह सांगणार नाही.

अर्थाबद्दलही एक सांगतो. इंटरनेटवर याद्या फिरतात: सिंह म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, मोर म्हणजे अमुक. त्यांच्यावरून चिन्ह वाचू नका. सिंह शेकडो घराण्यांनी घेतला, सगळ्यांनी एकाच कारणाने घेतला नाही. अर्थ तेव्हाच सांगायचा जेव्हा चिन्हातच त्याचा पुरावा असतो. इथे मधमाश्यांचा अर्थ मी छातीठोकपणे सांगतो, कारण खाली ब्रीदातच 'उद्योग' लिहिलंय. घाटाचे डोंगर मुंबईचे, हे वर्णनातच लिहिलंय. बाकीचं मी चित्र म्हणून पाहतो आणि थांबतो.

आत्यांना सांगायचं कुणी?

मित्र म्हणाला, "तूच सांग. तुझ्यावर ओरडणार नाही."

मी गेलो. चहा झाला. फोनवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून एकेक गोष्ट दाखवली. मधमाशीचे पंख मोजून दाखवले. हात दाखवला. 'इंडस'च्या पुढची अक्षरं दाखवली. आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे साहेबाने आजोबांना काही दिलंच नव्हतं."

मला याचं उत्तर सुचलं नाही. 'हो' म्हणणं खरं असतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

मी पुठ्ठा मागितला. तोपर्यंत मी फक्त फोटोच पाहिले होते, आणि फोटोत पुठ्ठ्याच्या कडा आल्याच नव्हत्या. चित्राच्या डाव्या कडेला एका रांगेत बारीक भोकं होती, सारख्या अंतरावर. शिवणीची भोकं. एक कोपरा ओलीने आपोआप सुटला होता, त्याच्या मागे छापील इंग्रजी मजकुराच्या ओळींची टोकं दिसत होती. म्हणजे हे कुणी दिलेलं मानपत्र नव्हतं. पुस्तकाचं पान होतं. बाइंडिंगला आलेल्या एखाद्या फाटक्या पुस्तकातून सुटलेलं, टाकून द्यायचं पान. पणजोबांनी ते टाकलं नाही. कडा सरळ कापल्या, पुठ्ठ्यावर असं चिकटवलं की इतक्या वर्षांत मधे एक फुगा आला नाही.

आत्यांनी ट्रंक परत उघडली. तळाशी रंगीत लहरींच्या कागदाचे तुकडे होते, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या आत लावतात ते. आणि कागदाची घडी दाबायची हाडाची एक पट्टी, अंगठ्याच्या जागी झिजलेली. ही ट्रंक आवरताना सगळ्यांनी पाहिली होती. मोराच्या चित्रापुढे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"ही त्यांचीच," आत्या म्हणाल्या. "माझी आई ओरडायची, कधीची पडलीय, फेकून दे म्हणून."

मग नेमप्लेटचं काय, हा प्रश्न उरलाच. इंग्लंडच्या पद्धतीत घराणेचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशाकडे जातं. म्हणजे एकाच आडनावाच्या दोन माणसांतही ते सामाईक नसतं. म्हणूनच आडनाव टाका आणि तुमच्या घराण्याचा क्रेस्ट मिळवा, असं सांगून मग विकणाऱ्या साइट्स तुम्हाला बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची ढाल विकतात. मोऱ्यांच्या दारावर जीजीभॉयांची ढाल लावली असती तर पोलीस आले नसते, पण जिना चढून येणाऱ्या एखाद्या पारशी काकांनी नक्की विचारलं असतं.

आत्यांनी नेमप्लेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला ॲडव्हान्स परत मिळणार नाही, डिझाइन मात्र बदलून देईन. आता दारावर नुसतं 'मोरे' आहे, खाली पट्टीचा बारीक आकार. रंग नाही. आत्या म्हणाल्या, मीना नको, पितळ तसंच राहू दे.

पुठ्ठाही भिंतीवर आहे. त्याखाली आत्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावलीय: हे चित्र कुणाचं, आणि ते कुणी जपून ठेवलं. दोन्ही नावं आहेत.

तुमच्या घरी असं काही असेल, भांड्यावर, पदकावर, एखाद्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, तर फोटो पाठवा. डॉक्युमेंट म्हणून. कड आणि टोक दिसू दे. आणि फोटोबरोबर हेही लिहा की घरात त्याबद्दल काय गोष्ट सांगतात. ती चुकीची निघाली तरी चालेल, आत्यांच्या गोष्टीतल्या हातानेच मला बॅरोनेटपर्यंत नेलं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर माळ्यावरची ट्रंक फेकू नका.